तेरा, पंधरा आणि बाईंचं चौदा

कंपासबाई हे नाव पोरांनी ठेवलं होतं, आणि पोरं नाव ठेवताना सहसा चुकत नाहीत. बाईंचा एक पाय जागेवर घट्ट रोवलेला असायचा आणि बाकी सगळं जग त्यांच्याभोवती त्या सांगतील तेवढ्याच अंतरावरून फिरायचं. मधे कोणी आलं तर टोक लागायचं. मुख्याध्यापकांनाही लागलं होतं. नवऱ्याला तर लग्नाच्या बोलणीपासून लागत होतं, पण तो भाषा शिकवणारा माणूस, सगळं हसण्यावारी न्यायचा.

शाळेत गणित शिकवणं हे बाईंचं काम होतं. पेपर काढणं हा त्यांचा जीव की प्राण. पुढच्या शिक्षणासाठी एक निवासी विद्यालय होतं, राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथेच. हुशार पण घरी अडचण असलेली पोरं तिथे जायला धडपडायची. त्याच्या प्रवेश परीक्षेचा गणिताचा पेपर वर्षानुवर्षं बाईच काढत होत्या. त्यांच्या पेपरात आजवर एकही चूक निघाली नव्हती, आणि हे त्या स्वतः सगळ्यांना सांगायच्या. न विचारता सांगायच्या. लग्नात, बारशात, दवाखान्यातल्या रांगेतसुद्धा.

मागे एकदा भूमितीबुवा नावाच्या एका शिक्षकाच्या प्रश्नात गफलत निघाली, तेव्हा बाईंनी सभेत असं काही तांडव केलं की नियमच झाला: ज्याच्या प्रश्नात चूक निघेल, त्याने पुन्हा पेपर काढायचा नाही. बुवा बिचारे तेव्हापासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजण्याच्या कामाला लागले. बाईंना त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नव्हतं.

तर यंदाचा पेपर. बाईंची पेपर काढायची रीत सगळ्या पेपर काढणाऱ्यांची असते तीच, उत्तराकडून प्रश्नाकडे जायचं. आधी छान पूर्णांक येतील असा त्रिकोण पकडायचा, मग त्यातलं एखादं माप लपवायचं आणि पोरांना म्हणायचं, शोधा. तेरा, चौदा, पंधरा हा बाईंचा लाडका त्रिकोण. क्षेत्रफळ बरोब्बर चौऱ्याऐंशी. तिन्ही बाजूंचा गुणाकार करा, त्याला चौपट क्षेत्रफळाने भागा, की परिवर्तुळाची त्रिज्या हातात येते, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची. इथे ती निघते पासष्ट छेद आठ. बाईंनी चौदा लपवले आणि प्रश्न लिहिला: त्रिकोणाच्या दोन बाजू तेरा आणि पंधरा सेंटिमीटर, परिवर्तुळाची त्रिज्या पासष्ट छेद आठ सेंटिमीटर, तर तिसरी बाजू काढा. गुण चार. आदर्श उत्तर: चौदा. पडताळणी करणाऱ्या दोघा शहाण्यांनी चौदा घालून बघितलं, जुळलं, सही केली. घालून बघितल्यावर जुळणारच की!

तपासणी एका शाळेच्या व्यायामशाळेत चालली होती. भिंतीला दोरखंड लटकलेले, कोपऱ्यात गाद्यांचा ढीग, आणि मधे बाकांवर परीक्षक माना घालून बसलेले. बाई आपल्या टेबलाशी पाय रोवून. कोणाला शंका आली की त्याने तिथे यायचं आणि अपमान करून घेऊन जायचं, अशी साधारण पद्धत.

दुपारी एक नवा परीक्षक आला. बाईंचाच जुना विद्यार्थी, आता स्वतः मास्तर झालेला, पण बाईंसमोर अजून हात मागे बांधून उभा राहणारा.

"बाई, एकाने तिसरी बाजू चार लिहिलीय."

"मग शून्य दे. विचारायला काय आलास? उत्तर चौदा आहे, वर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. डोळे तपासून घे."

"चौदा पण लिहिलंय, बाई. दोन्ही लिहिलंय."

"म्हणजे ठोकून दिलंय. दोन दगड मारले, एक तरी लागेल! शून्य."

"बाई, तुम्ही एकदा बघा तर."

तो पान टेबलावर ठेवून तसाच उभा राहिला. बाईंनी चष्मा नाकावर आणला, तो पोराच्या चुकीत बोट घालायलाच.

पोराने, किंवा पोरीने, सुरुवात चोख केली होती. क्षेत्रफळ म्हणजे दोन बाजू गुणिले त्यांच्यातल्या कोनाचा साइन, भागिले दोन. हे त्रिज्येच्या सूत्रात घातलं की त्या दोन्ही बाजू वरखाली उडतात, आणि उरतं एवढंच: बाजू भागिले तिच्यासमोरच्या कोनाचा साइन म्हणजे त्रिज्येची दुप्पट. इथे ती दुप्पट पासष्ट छेद चार. म्हणून तेरासमोरच्या कोनाचा साइन चार छेद पाच, पंधरासमोरच्या कोनाचा बारा छेद तेरा. बाई मान हलवत होत्या. मग दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथून तिसऱ्या बाजूवर लंब टाकलेला. लंबाची उंची बारा. लंबाच्या पायापासून एक टोक नऊवर, दुसरं पाचवर. नऊ अधिक पाच, चौदा. इथपर्यंत बाईंचाच त्रिकोण.

आणि त्याखाली एक ओळ: "पण साइन बारा छेद तेरा असणारा कोन विशालकोनही असू शकतो. मग लंब त्रिकोणाच्या बाहेर पडतो." बाजूला दुसरी आकृती, तिरकी, टोकदार, आणि दोन्ही त्रिकोण एकाच वर्तुळात बसवलेले. नऊ वजा पाच, चार. खाली ताळाही होता. तेरा, पंधरा आणि चारच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ चोवीस. बाजूंचा गुणाकार सातशे ऐंशी, भागिले शहाण्णव. पासष्ट छेद आठ.

बाईंनी शहाण्णवने भागून बघितलं. मग परत बघितलं.

"बाई," नवा परीक्षक हळूच म्हणाला, "तुम्हीच आम्हाला सांगायचात. साइन खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. कोन तीसचा असो की दीडशेचा, तो एकच तोंड दाखवतो. म्हणून साइनवरून कोन काढताना दोनदा बघायचं."

"मला माहितीय मी काय सांगायचे!" बाई कडाडल्या, आणि सगळी व्यायामशाळा वळून बघायला लागली.

"आणखी एक, बाई. मी बेरीज करून बघितली. प्रवेशाच्या रेषेला हे पोर तीन गुणांनी कमी पडतंय. हे चार मिळाले तर आत, नाही तर बाहेर."

बाईंनी पान उचललं आणि थेट मुख्य नियामकांच्या खोलीत गेल्या. साहेब पंख्याखाली डोळे मिटून विचार करत होते, म्हणजे घोरत होते. बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी आकृतीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं.

"किती जणांनी चार लिहिलंय?"

"बघावं लागेल. सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागतील."

"बाई, वेड्या की काय तुम्ही? निकाल तोंडावर आलाय. एका पोरासाठी? चूक झाली असं लिहून दिलंत तर तुमचा पेपर गेला, कायमचा. नियम तुम्हीच करून घेतलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी काही बघितलं नाही, तुम्हीही बघितलं नाही."

आता खरं सांगायचं तर बाई डगमगल्या. पेपर म्हणजे त्यांचं सगळं होतं. दर वर्षी त्या स्वतःला खोलीत कोंडून घेऊन त्रिकोण मोडायच्या, जोडायच्या, आणि बाहेर यायच्या तेव्हा चेहरा असा उजळलेला की नवरा म्हणायचा, "आज कोणाला टोचलंस?" ते सगळं जाणार होतं. भूमितीबुवांच्या शेजारी बसून गठ्ठे मोजायचे! बुवा काय हसेल, मेला. दात विचकून हसेल. हे मनात आल्यावर तर पान फाडून टाकावंसं वाटलं. हात शिवशिवला, खोटं कशाला बोला.

पण मग त्यांची नजर पुन्हा त्या विशालकोनावर गेली. लंब बाहेर पडतो, हे त्यांना सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं नव्हतं, कारण उत्तर त्यांच्या खिशात आधीपासून होतं. ज्याच्या खिशात उत्तर नव्हतं, त्याला सुचलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "झाकलेली मूठ तुमच्याकडेच ठेवा. कागद द्या."

"अहो बाई..."

"कागद द्या म्हणते ना! आणि पंखा बंद करा, उडतोय."

त्यांनी लिहून दिलं की प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, चूक पेपर काढणारीची आहे, चौदा लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण, चार लिहिणाऱ्यालाही पूर्ण, दोन्ही लिहिणाऱ्यालाही पूर्ण. सही अशी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली. मग व्यायामशाळेत येऊन उभ्याउभ्याच घोषणा केली, "गठ्ठे सोडा! माझी चूक आहे. हसायचं असेल त्याने आत्ता हसून घ्यावं, नंतर काम आहे." कोणी हसलं नाही. बुवासुद्धा नाही. त्यांनी गुपचूप पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडायला घेतली, आणि बाईंना ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सगळे गठ्ठे बघून झाले, चार लिहिणारं दुसरं कोणी निघालं नाही. संध्याकाळी बाई घरी आल्या त्या पाय ओढत. नवऱ्याने चहा टाकला. बाईंनी सगळं सांगितलं, शिव्यांसकट. साहेबांना चार, बुवांना दोन, स्वतःला मोजदादच नाही. पेपर गेला हेही सांगितलं. नवरा नेहमीसारखं काहीतरी हसण्यावारी नेणार होता, पण बाईंचा चेहरा बघून थांबला.

"एवढं त्या पेपरचं वाईट वाटतंय?"

"पेपर गेला खड्ड्यात," बाई म्हणाल्या, आणि एकदम डोळे भरून आले. "अहो, आयुष्यभर मी वर्गात घसा फोडला, की माझंही खरं मानू नका, तपासून बघा. सगळे माना हलवायचे आणि मी सांगेन तेच लिहायचे. शेवटी एकाने बघितलं. एकानेच! आणि पानावर नुसता नंबर."

"मग निकालानंतर नाव बघू या की."

"पेपर काढणाऱ्याने पोरांची नावं बघणं नियमात बसत नाही."

"हा नियम कोणी केला?"

"मीच," बाई म्हणाल्या, आणि पदरात तोंड खुपसून लहान पोरासारख्या रडायला लागल्या. नवऱ्याने चहाचा कप त्यांच्या हाताला लागेल असा सरकवून ठेवला आणि शेजारी बसून राहिला.