बिनडागाचा अभ्रा

धाकट्या बहिणीच्या तोंडावर मुरुमं उठली, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दोन जेल दिली. सकाळी क्लिंडामायसिन, रात्री बेंझॉइल पेरॉक्साइड. दुसऱ्यानं रंगीत कापडाचा रंग उडून डाग पडतात, हेही बजावलं.

आधी मुरुमं कमी झाली आणि काही महिन्यांनी दुप्पट उगवली. आम्ही पुन्हा दवाखान्यात.

"दोन्ही लावते की! आईची शपथ," बहीण म्हणाली.

बाईंनी आईलाच विचारलं, "हिच्या उशीचा अभ्रा कसाय?"

"गर्द मरून! अजून नव्यावानी," आई फुशारली. "आमच्या घरात डाग खपत नाय."

बहिणीनं डोळे मिटून घेतले.

बाईंना हसू आवरेना. "नुसतं क्लिंडामायसिन लावलं की जंतू त्याला सरावतात, मग ते चालेनासं होतं. पेरॉक्साइड त्यांना वेगळ्या तऱ्हेनं मारतं, त्याला ते सरावत नाहीत. म्हणून दोन्ही जोडीनं लावायचं."

तेव्हापासून आई रोज सकाळी चष्मा लावून अभ्रा उजेडात धरते. आयुष्यभर आमच्या कपड्यांवरचे डाग घासत आलेली ही बाई कालही कडाडली, "एक डाग नाय गं अभ्र्यावर! लाज कशी वाटत नाय तुला?"