आबांच्या घराचं छप्पर

माझा स्वभाव तापट, हे सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या गल्लीत कुणालाही विचारा. त्या रविवारी मात्र मी दिवसभर जीभ दाताखाली धरून होते, कारण प्रश्न आबांच्या घराचा होता.

आबा म्हणजे माझे वडील. सुरतेजवळच्या सचिन गावात कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी उभी हयात वाफेत काढली. निवृत्त झाल्यावर चलथाणच्या बाजूला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. स्लॅब नको, कौलारू उतरतं छप्पर हवं. भिंतीच्या पुढे चांगली तीन फूट वळचण हवी, म्हणजे तिच्याखाली सावलीत बसता येईल. "जन्मभर पत्र्याखाली भाजलो, आता तरी थंड बसू दे," एवढंच ते म्हणायचे.

पण आमच्याकडे शेवटचा शब्द मोठ्या काकांचा. ते धुळ्याकडे गावी असतात आणि आबांनी त्यांच्यापुढे आयुष्यात कधी तोंड उघडलेलं नाही. काकांनी फोनवरच निकाल दिला होता, की सुरतेत इतकी वर्षं काढून कौलं टाकणार? लोक हसतील. आणि घर दोन हातांचं, काटकोनात वळलेलं. जिथे दोन उतार आत येऊन मिळतात तिथे पाणी गळणारच. आबा "हो भाऊ" म्हणाले, फोन ठेवला आणि जेवायला बसलेच नाहीत. मला असा राग आला म्हणता! मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, दिवसभर दुसऱ्यांची घरं काढते आणि माझ्याच बापाचं घर फोनवर मोडीत निघत होतं. मी सांगून टाकलं, "रविवारी काकांना बोलवा. मी मॉडेल करते. डोळ्यांनी बघू देत, मग काय ते म्हणू देत."

तोंडाने बोलले खरी, पण छप्पर करणं म्हणजे काही खाऊ नाही. फुटाला अर्धा इंच असं माप धरलं. भिंती दोन संध्याकाळींत उभ्या राहिल्या. छपरासाठी दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो सनबोर्ड घेतला, कारण त्याला पाणी लागलं तरी तो फुगत नाही. नकाशात वळचणीपासून आढ्यापर्यंत साडेपाच इंच दिसतात. पण नकाशा वरून बघितलेला असतो, आणि उतारावरचं अंतर जास्त भरतं. तीस अंशांच्या उताराला ते साडेसहाला जरा कमी येतं. नवखी माणसं इथेच फसतात आणि पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आखूड पडतात. मी नवखी नाही, म्हणून मी दुसरीकडे फसले.

अशा घराच्या छपराला सहा पाखी. दोन टोकांना दोन त्रिकोण. बाहेरच्या अंगाला दोन लांब पाखी, खाली रुंद आणि वर अरुंद. आणि आतल्या अंगणाकडे दोन, ती तिरकी. एका बाजूला बाहेर आलेला कोपरा, म्हणजे हिप, आणि दुसऱ्या बाजूला आत गेलेली पन्हळ, म्हणजे व्हॅली. आमचे दोन्ही हात सारख्याच लांबीचे. म्हणून मी आतल्या पाख्याचा एकच कागद काढला, त्यावरून दोन तुकडे कापले, वरच्या बाजूने कौलांच्या रेघा कोरल्या, कडा तासल्या. शनिवारी दुपारी जोडायला बसले तर एक पाखं छान बसलं. दुसरं काही केल्या बसेना. फिरवलं, तरी तिरकं ते तिरकंच. उलटं केलं तर बसलं, पण कौलांच्या रेघा खाली आणि पांढरी पाठ आभाळाकडे! मी तुकडा भिरकावला आणि सॉफ्टवेअरपासून सनबोर्डवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं, उठली, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि हसायलाच लागली. "अगं बये, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्यास की! कापड दुहेरी घडी घालून का कापतात? एक डावी आणि एक उजवी निघावी म्हणून."

खरंच तर होतं. ऑफिसात कंप्युटर आपोआप जुळवून देतो, त्यामुळे हाताने कापताना माझ्या डोक्यातही आलं नाही. मग आईनेच कागद पालथा केला, मी नवा तुकडा कापला आणि पाखं असं बसलं की आम्ही दोघी टाळ्या पिटायला लागलो. पन्हळीत तेलाच्या डब्याचा पत्रा मधोमध दुमडून घातला, दोन्ही पाख्यांच्या खालपर्यंत सरकवला आणि बाकीचे सांधे सिलिकॉनने बंद केले.

रविवारी सकाळी काका आले. चहा झाला, आणि मी मॉडेल परातीत ठेवून समोर मांडलं. काकांनी चहूबाजूंनी पाहिलं आणि पन्हळीवर बोट ठेवलं. "दिसाले बरं शे. पन पानी आठेच गळी."

"मग ओता ना पाणी," मी म्हणाले. मनात मात्र धाकधूक होती.

काकांनी तांब्या घेतला. हळूहळू नाही, चांगली धार धरली. पाणी दोन्ही पाख्यांवरून घसरत पत्र्यात आलं आणि पन्हळीतून खाली सुसाट सुटलं. मी छप्पर उचललं. आत खोल्या कोरड्या ठाक! आई म्हणाली, "बघा, आहे का एक थेंब?" आणि मला इतका आनंद झाला की मी काकांसमोरच शिट्टी मारली.

"थांब," काका म्हणाले. छप्पर परत ठेवून त्यांनी पुन्हा तांब्या ओतला. या वेळी ते वर नाही, खाली बघत होते. दोन्ही पाख्यांचं पाणी एका जागी येऊन, वळचणीच्या आतल्या कोपऱ्यातून एक जाड धार पडत होती, आणि ती थेट मी काढलेल्या दाराच्या पायरीवर. सगळं बघितलं होतं मी, पण हे पाणी शेवटी कुठे पडणार ते पाहिलंच नव्हतं.

काकांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता स्लॅब. पण ते मॉडेलवर वाकून पुटपुटत होते, "दार तिकडच्या टोकाला न्यायचं. रस्त्याच्या बाजूला."

आईने मला कोपर मारलं. माझ्याही लक्षात आलं. दार कुठे ठेवायचं यावर ते बोलत होते, म्हणजे छप्पर त्यांनी मान्य केलं होतं! मी पेन्सिल घेऊन दाराची जागा खोडणार, तेवढ्यात आबा बोलले.

"नको भाऊ. रस्त्याकडे नाही."

आबा पुढे सरकून मॉडेलपाशी बसले. "दार अंगणाकडेच राहू दे. कोपऱ्यापासून सहा फूट सरकवू. धारेखाली मी टाकी बसवतो."

काका खळखळून हसले, तांब्या आबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "आते कसं बोलनास! घर तुनं शे, भाऊ. तूच सांग."

आणि आबा सांगायला लागले. खिडकी कुठे, मोरी कुठे, कपडे कुठे वाळायचे, एकेका गोष्टीवर बोट ठेवून. त्यांच्या मनात इतकं सगळं साठलेलं होतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मी लिहून घेत होते, आणि कागद पुरला नाही.