चाळीस पूर्णांक एक

नववीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघींनी दोलकाचा प्रयोग केला. दोघी म्हणजे मी आणि माझी बाकावरची मैत्रीण. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता वडील कारखान्यावर कामाला जायचे. आमच्या घरी भाजीपाला. माझे वडील, तात्या, टोमॅटो आणि ढोबळी मिरची घेऊन बाजाराला जायचे. इंदापूर तालुक्यातलं गाव, पत्र्याची शाळा, आणि विज्ञानाला एक तरुण सर, ज्यांच्यावर आमचा सगळ्यांचा जीव होता. शेतकऱ्याच्या पोरीला "तुझं डोकं चालतं" असं म्हणणारा तोवर मला दुसरा कुणी भेटला नव्हता.

प्रयोग सोपा होता. दोऱ्याला वजन बांधायचं, झोका द्यायचा, वेळ मोजायचा. दोऱ्याची लांबी बदलली तर काय होतं, वजन बदललं तर काय होतं. सरांनी स्टॉपवॉच हातात दिलं आणि म्हणाले, "एका झोक्याचा वेळ घेऊ नका. वीस घ्या आणि विसानं भागा. बोट दाबायला उशीर होतो, तो वीस झोक्यांत वाटला जातो. आणि एकेक माप पाच वेळा घ्या."

आम्ही प्रयोगशाळेच्या खिडकीला लाकडी पट्टी ठोकली, बुचाच्या दोन फाकांत दोरा आवळला, पंखा बंद केला. झोका लहानच द्यायचा, हे ठरलेलं. मी घड्याळ धरायची, ती मोजायची. पहिल्याच दिवशी मीटरभर दोऱ्याला एकदा अडतीस पूर्णांक दोन सेकंद आले, बाकी चार वेळा चाळीसच्या आसपास. बराच वेळ डोकं खाजवलं. मग कळलं, ती गोळा सोडतानाच "एक" म्हणत होती, म्हणजे झोके एकोणीसच होत होते. आम्ही ते माप खोडलं नाही. त्याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, "एक झोका कमी मोजला."

वजनाचं मात्र कोडं पडलं. शाळेतला पितळी गोळा छोटा होता. जड म्हणून मी विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून लोखंडाचा भरीव तुकडा आणला, वीतभराला कमी. तात्यांच्या तराजूत भरला तर तीनशे ग्रॅम. तो टांगला की वीस झोक्यांना अर्ध्या सेकंदाहून जास्त लागायचं. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा जास्तच.

"जड हाय, म्हणून सावकाश चालतंय," मैत्रीण म्हणाली.

"पुस्तकात तर न्हाय म्हणलंय."

"मग पुस्तक चुकलं."

दोन दिवस भांडलो. मग मला दिसलं, की आम्ही लांबी गाठीपर्यंतच मोजत होतो. पितळी गोळ्याचा मध्य गाठीच्या खाली बोटभर, लोखंडाचा चार बोटं. म्हणजे लोखंडाचा दोलक मुळात लांबच होता. दोरा आवळून मध्यापर्यंत बरोबर मीटरभर केलं, पुन्हा पाच वेळा घेतलं. चाळीस, चाळीस पूर्णांक दोन, पुन्हा तेवढंच, एकोणचाळीस पूर्णांक आठ, चाळीस पूर्णांक चार. पितळी गोळ्यालाही असंच. मैत्रिणीनं मला मिठी मारली. माझी ती पहिली स्वतःची गोष्ट होती, जी मी कुणाकडून ऐकली नव्हती.

हे सगळं कच्च्या वहीत होतं, खोडाखोडीसकट, चुका आणि कारणांसकट. सरांनी वही चाळली. "छान," म्हणाले. "ठेव माझ्यापाशी. " मग मैत्रिणीकडं बघून, "प्रदर्शनाचा फलक हिला लिहू दे, हिचं अक्षर चांगलं आहे."

इंदापूरला प्रदर्शनाच्या मंडपात पोचलो तेव्हा फलक मी पहिल्यांदा पाहिला. तक्त्यात शंभर सेंटिमीटरसमोर पाचही रकान्यांत ४०.१. पंचवीसला पाचही २०.१. लोखंडाला ४०.१, पितळेलाही ४०.१. आमची गाठीची चूक कुठंच नव्हती.

"हे कुठलं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"सरांनी दिलंय लिहायला," ती फलकाकडं बघत म्हणाली. "स्वच्छ दिसतंय की."

तेवढ्यात परीक्षक आले. बारामतीच्या कॉलेजात शिकवणारे, पांढरे केस, आवाज शांत. त्यांनी तक्ता पाहिला, मग टेबलावरचं स्टॉपवॉच उचललं आणि मला म्हणाले, "बाळ, याच्यावर चाळीस पूर्णांक एक कुठं दिसतं, दाखव."

मी घड्याळ घेतलं. सेकंदाचे पाच भाग केलेले होते. चाळीस, मग एकदम चाळीस पूर्णांक दोन. मध्ये काहीच नव्हतं. सहा आठवडे ते माझ्याच हातात होतं आणि फलक पाहताना मला ते सुचलं नव्हतं.

"न्हाय दिसत," मी म्हणाले.

"मग लिहिलं कसं? आणि पाचही वेळा सारखं?"

मी सरांकडं पाहिलं. ते आमच्या मागंच उभे होते. मला वाटलं, आता ते सांगतील. ते हसले आणि म्हणाले, "पोरी आहेत, साहेब. घरी बसून आकडे जुळवले असतील. माझं लक्ष गेलं नाही."

परीक्षकांनी मला विचारलं, "कच्ची वही आहे?"

"सरांकडं हाय."

"ती काय आणलेली नाही," सर म्हणाले.

मी मैत्रिणीकडं वळले. "तू सांग." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मान खाली घातली.

परीक्षकांनी तिथंच तीन मापं घ्यायला लावली. चाळीस पूर्णांक दोन, चाळीस पूर्णांक चार, चाळीस आली. "हे खरं आहे," ते म्हणाले. "मापं अशीच येतात. हेच लिहायचं होतंस." कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. आमचा नंबर लागला नाही.

परतीच्या एसटीत सर पुढं बसले. मैत्रीण माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सर म्हणले, खरे आकडे ठेवले तर सगळे हसतील. तुला सांगू नको, तू वाद घालशील. मी घाबरले गं, परीक्षा त्यांच्याच हातात हाय."

"आणि मगाशी?"

ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही. आज येते, पण तेव्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही मागितली. सर म्हणाले, "रद्दीत गेली असेल," आणि फळ्याकडं वळले. तास रोजच्यासारखा झाला. मला त्यांनी धडा वाचायला उठवलं, मी वाचला. घरी तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "सर शिकलेले मानूस, काय तरी कारण असंल." त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. मैत्रिणीनं वर्ष संपायच्या आत बाक बदलला. दहावीत आम्ही कामापुरतं बोलायचो.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात सर भेटले. केस पिकले होते. शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. लहानपणापासून हुशार, प्रयोग फार चांगला केला होता हिनं." मी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. नमस्कार करून सरळ झाले, तेव्हा राग त्यांचा नव्हता, वाकलेल्या माझ्या पाठीचा होता. जेवण न करताच मी निघाले.