नुसतं ‘नको’

भावाच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता. तो चऱ्होलीहून चाकणच्या कंपनीत दुचाकीने जातो. त्या रस्त्यावर कंटेनर कसे अंगावर येतात ते मला ठाऊक आहे, मीही तिकडेच एका कारखान्यात सुटे भाग तपासते. पठ्ठ्या पट्ट्याच्या जागी सुतळी बांधून फिरत होता. आईला ते बघवेना. नवं हेल्मेट आपणच घ्यायचं आणि फोनवरूनच घ्यायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी जेवणं झाल्यावर ती चष्मा लावून बसली. आई जे वाचते ते मोठ्याने वाचते.

“फक्त दोनच शिल्लक. सतरा जन आत्ता हेच बघत्यात.” वर लाल आकडे पळत होते, ऑफर संपायला थोडीच मिनिटं उरली होती. “आगं लवकर कर, ते सतरा जन उचलून नेतील!”

शेवटच्या पानावर किंमत वाढलेली दिसली. ‘हाताळणी शुल्क’ म्हणून काहीतरी आलं होतं, त्याचा आधी कुठे उल्लेखही नव्हता. खाली ‘अपघात सुरक्षा’ नावाचा कसलासा विमा, त्याच्यापुढे आमच्या वतीने आधीच खूण केलेली. आम्ही मागितलं होतं हेल्मेट. मी चिडून ती खूण काढली, तर पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यात भलंमोठं केशरी बटण: ‘हो, माझ्या माणसाला जपा.’ त्याखाली राखाडी, जेमतेम दिसणारं: ‘नको, मला त्याच्या जिवाची पर्वा नाही.’

आईने तेही मोठ्याने वाचायला घेतलं आणि ‘मला त्याच्या’पाशी थांबली.

“दाब गं,” मी म्हटलं. “नुसतं बटण आहे.”

“न्हाई. असलं वंगाळ बोलू न्हाई घरात. वास्तू तथास्तु म्हनती.”

“तू कुठे बोलतेस? बोटाने तर दाबायचं.”

“मग बोट काय शेजारनीचं हाय?”

इतक्यात भाऊ आतून आला. “आण इकडं, मी दाबतो,” म्हणत त्याने हात पुढे केला. आईने फोन पदराखाली घेतला. “तुझ्याच जिवावरचं हाय त्ये!” एवढं म्हणताना तिचा आवाज चिरकला. भाऊ हसत होता, त्याने हात मागे घेतला.

खरं सांगायचं तर मी थक्क झाले होते. बाजारात ओरडून माल खपवणारे पुष्कळ पाहिलेत. पंगतीत जिलबीचा आग्रह करणारेही पाहिलेत, पण तिथे ताटावर आडवा हात धरला की भागतं. ‘मला यजमानांची किंमत नाही’ असं कुणी आपल्याकडून वदवून घेत नाही. इथे नकार द्यायची सोय ठेवली होती, पण ती आईला गिळता येणार नाही अशा वाक्यात गुंडाळून. सरकारने असल्या युक्त्यांना मनाई केली आहे म्हणे. ही युक्ती लढवणाऱ्याच्या हुशारीने मात्र माझ्या अंगावर काटा आला. किती बारीक ओळखलं होतं त्याने आम्हाला!

आईने फोन पुन्हा बाहेर काढला तेव्हा लाल आकडे शून्याकडे चालले होते. आम्ही तिघं श्वास रोखून बघत बसलो. शून्य झालं. क्षणभर काहीच घडलं नाही, मग आकडे पुन्हा पहिल्यापासून पळायला लागले. दोनच शिल्लक होती, ती दोनच राहिली. सतरा जणही जागचे हलले नव्हते.

“आगं बया,” आई हळूच म्हणाली, “ह्याचं सरतच न्हाई व्हय?” तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग तिने फोन उपडा ठेवला आणि उठून साडी बदलली.

संध्याकाळी आम्ही चिंचवडला एका दुकानात गेलो. भावाच्या डोक्याला दोन-तीन हेल्मेटं घालून बघितली, आईने प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहिला. दुकानदाराने विचारलं, “मावशी, जादाची काच देऊ का?”

“नको.”

“बरं,” म्हणून त्याने पिशवी पुढे केली.

आई पायरी उतरेपर्यंत माझा दंड धरून होती. “नुसतं नको म्हनलं की झालं बघ,” ती म्हणाली, जणू आयुष्यात पहिल्यांदाच तिला ही सोय मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ नवं हेल्मेट घालून शिफ्टला निघाला. दारातून म्हणाला, “येतो गं.” आई म्हणाली, “ये.” आमच्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. त्या राखाडी बटणावरची मराठी इतकी सफाईची होती की ती लिहिणारा आपल्यातलाच कुणीतरी असणार. ते वाक्य लिहिलं त्या दिवशी तोही कामाला निघताना आईला ‘येतो’च म्हणाला असेल.