रश्मीने न तपासलेलं पान

अमरावतीतल्या आमच्या ऑफिसात माणसं दोनच. मी किशोर, मालक म्हणायचा, आणि वेबसाइट बनवणारी रश्मी. महिनाअखेरीपर्यंत काम मिळालं नाही तर शटर ओढायचं ठरलं होतं. मग रश्मीला पुण्याला जावं लागणार, आणि नांदगाव खंडेश्वरला तिची आई, केशरबाई, एकटी. रश्मी हे बोलायची नाही, पण तिचा चेहरा पाहून मलाच अपराध्यासारखं वाटे.

मी कंपन्यांना त्रेचाळीस मेल पाठवले होते. ‘विदर्भातली आघाडीची कंपनी’, ‘जागतिक दर्जाची सेवा’. आघाडीची कसली, डोंबलाची! एकाचंही उत्तर नाही.

त्यात केशरबाईचा शुगरचा रिपोर्ट मोबाइलवर उघडेना. रश्मी सुट्टीत घरी गेली, तर लॅबची साइट उघडायला किती वेळ लागतो ते मोजतच बसली. सोमवारी तिने त्या लॅबच्या टेक्निकल हेडला मेल लिहिला. त्याचा पत्ता तिने त्यांच्याच नोकरीच्या जाहिरातीतून काढला होता.

विषय: ‘रिपोर्ट उघडायला ५० सेकंद: कारण आणि उपाय’. खाली सहा ओळी. नांदगावहून, अर्ध्या एमबीपीएसच्या नेटवर, वीस वेळा मोजलं. रिपोर्ट फक्त चाळीस केबीचा. पण पानावरची तीन एमबीची जाहिरातीची चित्रं पूर्ण उतरेपर्यंत तो मागवलाच जात नाही. आधी रिपोर्ट मागवा, चित्रं मागून येऊ द्या. मोजणी सोबत जोडली आहे. डॉक्टरांसाठीचं पान तपासलेलं नाही. खाली नाव, फोन. बस.

“नमस्कार-चमत्कार काही नाही? आन् उपाय फुकटात काहून सांगून राहिली?” मी म्हटलं. “आन् ते ‘तपासलं नाही’ तरी काढ, बाई. आपली कमजोरी दाखवून राहिली तू.”

“नाही तपासलं ना, भाऊ,” ती म्हणाली आणि पाठवून मोकळी झाली. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

दुपारी उत्तर आलं. ‘बरोबर आहे. आजच दुरुस्त केलं. आभारी.’ झालं! माझं डोकंच सणकलं. रश्मीने आईला फोन लावला. रिपोर्ट उघडला होता.

“चला, कोणाचं तरी काम झालं,” ती म्हणाली. मग पुण्याच्या नोकऱ्या पाहत बसली.

चौथ्या दिवशी त्याच माणसाचा दुसरा मेल आला. ‘काय तपासलं नाही तेही तुम्ही लिहिलंत, म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला. डॉक्टरांचं पान आणि आणखी बारा पानं तपासून द्याल? किती दिवस, किती दर?’

आनंद व्हायला पाहिजे होता. मला फक्त खुर्चीत पाठ टेकवावीशी वाटली. तरी सवयीने मी उत्तर लिहायला घेतलं: ‘आमची अनुभवी टीम अत्यंत वाजवी दरात...’

रश्मीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, माझी ओळ पुसली आणि लिहिलं, ‘नऊ दिवस. तपासणारी एकटी मी.’

“दर तुमी टाका,” ती म्हणाली आणि नोकऱ्यांचं पान बंद केलं.