एका ओळीत परत सांगते

तुम्ही दोघं मला हसता ते मला ठाऊक आहे. परवा फोनवर धाकटी म्हणाली की सुट्टीत मी येणार, आणि मी लगेच विचारलं, "म्हणजे तू एकटी, नागपूरपर्यंत विमानाने, आणि तिथे घ्यायला गाडी आम्ही पाठवायची. बरोबर?" थोरला मागून म्हणाला, "आजी आता कस्टमर केअरमध्ये लागली." मीही हसले. पण ही सवय मला कुठे लागली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा तुम्ही तिकडे परीक्षेत होतात आणि तुमच्या बाबाने मला ताकीद दिली होती की मुलांना घाबरवू नकोस. आता आजोबा तुमच्याशी फोनवर व्यवस्थित भांडतात, तेव्हा सांगायला हरकत नाही.

सोयाबीन काढायचे दिवस होते. आजोबा सकाळच्या बसने यवतमाळहून दिग्रसला गेले आणि तिथून शेतावर. शेत जवळच्या बंजारा तांड्यावरचं एक जोडपं बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतं, तुम्ही लहान असताना त्यांच्याकडे भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यात. काम सगळं तेच दोघं करतात. आजोबा नुसते बांधावर उभे राहून सूचना देतात, आणि ती बाई त्यांना तोंडावर सांगते, "बाबूजी, तुमी सावलीत बसा, सोयाबीन तुमच्यावाचून अडून नाही राह्यलं."

दुपारी मी कुकर लावत होते तेव्हा तिचा फोन आला. ती म्हणाली, "बाई, बाबूजीले पान लागलं." आपल्याकडे साप चावला असं कुणी तोंडाने म्हणत नाही. कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री होती, तिचं टोक आजोबांनी उचललं आणि पायाला काहीतरी डसलं. साप तिला नीट दिसला नाही. दातांच्या खुणा होत्या, पाऊल सुजायला लागलं होतं. आजोबा शुद्धीवर होते, बोलत होते. तिचा नवरा मोटरसायकल घेऊन दिग्रसला बाजारात गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. तांड्यावर त्या वेळी दुसरं वाहन नव्हतं. एवढं सांगेपर्यंत फोन तुटला. तिथे बांधावर चढलं तरच रेंज येते.

मी गॅस बंद केला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडे एक तरुण माणूस होता, आवाज अगदी शांत. त्याने विचारलं काय झालंय, कुणाला, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट आहे का, आणि कुठे. आधीच्या प्रश्नांची उत्तरं मी नीट दिली. 'कुठे' म्हटल्यावर माझ्या तोंडातून नाव, घर क्रमांक, कॉलनी, यवतमाळ, पिनकोड असं सगळं ओळीने बाहेर पडलं. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये पत्ता असाच पाठ करून घेत, वरून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता. आजोबा नेहमी म्हणतात, तुझी आजी पत्ता सांगते की वंशावळ.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "मला समजलं ते एका ओळीत परत सांगतो, चुकलं तर तिथेच तोडा. साप चावलाय, वयस्क पुरुष, शुद्धीवर आहेत, आणि यवतमाळला या घरी आहेत. बरोबर?"

"नाही," मी म्हटलं. "घरी नाहीत. शेतावर आहेत, दिग्रसकडे."

मी हो म्हणून फोन ठेवला असता तर गाडी आपल्या फाटकाशी येऊन उभी राहिली असती.

त्याने रागावल्यासारखं काही केलं नाही. म्हणाला, चालेल, मग शेत कोणत्या गावात. मी गावाचं नाव सांगितलं. सातबाऱ्यावर तेच नाव आहे, कोर्टात, बँकेत, तलाठ्याकडे मी आजवर तेच सांगत आले. त्याने मागच्या कुणाशी तरी दोन शब्द बोलल्याचं ऐकू आलं, आणि पुन्हा तसंच, सावकाश: "गाडी दिग्रसकडून या गावात जाईल, आणि गावातून शेतापर्यंत रस्ता आहे. बरोबर?"

आणि तो थांबला.

प्रश्न पहिल्यासारखाच साधा होता. गाव बरोबर होतं. रस्ताही आहे, उन्हाळ्यात तुमच्या बाबाने त्या रस्त्याने कार नेली आहे. 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो घाई करत नव्हता, नुसता माझ्या उत्तराची वाट पाहत होता, आणि त्या शांततेत मला त्याचं वाक्य डोळ्यांसमोर चालताना दिसलं. गाडी गावात शिरली, मारुतीच्या पारावरून वळली, आणि नाल्याशी येऊन उभी राहिली. गाव आणि शेत यांच्यामध्ये नाला आहे. पाऊस सरता सरता त्यात मांडीभर पाणी असतं. आम्ही कागदावर त्या गावचे, पण पावसाळाभर शेतात जातो ते उलट्या बाजूने, तांड्यावरून. हे घरात कुणी कुणाला सांगत नाही, पाय आपोआप तिकडे वळतात. त्यामुळे मला ते सांगायचं सुचलंच नव्हतं.

मी म्हटलं, "गावातून नाही. मध्ये नाला भरलाय. तांड्यावरून या." तांड्याचं नाव सांगितलं.

"तांड्यावर गाडीला उभं राहायला ओळखीची जागा?"

"शाळा. डांबरी रस्ता शाळेपर्यंतच आहे."

"म्हणजे गावात जायचं नाही, तांड्याच्या शाळेपाशी यायचं, आणि पेशंट तुम्ही शाळेपर्यंत आणणार. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

मग त्याने सांगितलं की त्यांना चालू देऊ नका, चावलेला पाय हलवू देऊ नका, काही कापू नका, दोरी आवळून बांधू नका, आणि विष उतरवणाऱ्या कुणा जाणत्याकडे नेण्यात वेळ घालवू नका. तिथला फोन नंबर मागितला, ड्रायव्हर त्यावरच बोलेल म्हणाला. तो नंबर आकडा आकडा परत म्हणून दाखवला आणि फोन ठेवला.

आता मला शेतावर त्या बाईला कळवायचं होतं. फोन लागेना. ती बांधावरून खाली उतरून आजोबांजवळ बसली असणार. मी स्वयंपाकघरात उभी राहून पुन्हा पुन्हा बटण दाबत होते आणि 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकत होते. खरं सांगायचं तर तेवढी भीती मला तुमच्या बाबाच्या जन्माच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा मी स्वतः तिथे होते. इथे माझ्याकडे फक्त बोलणं होतं, आणि तेही पोचत नव्हतं.

शेवटी फोन लागला. मी भराभर सांगितलं, गाडी येते आहे, शाळेपाशी येईल, बाबूजींना शाळेपर्यंत आणा, फोन जवळ ठेव. ती 'हो बाई, हो बाई' म्हणत होती. फोन ठेवायच्या आधी रुग्णवाहिकेच्या त्या मुलाचा आवाज कानात आला आणि मी म्हटलं, थांब, तुला काय समजलं ते मला एकदा सांग.

ती म्हणाली, "गाडी शाळेपाशी येऊन राह्यली, मी बाबूजीले हात धरून चालवत नेतो तिथवर. बाबूजी मनतात मी चालतो, मले कायले धरता."

मी आणा म्हटलं होतं. कसं आणायचं ते मी सांगितलंच नव्हतं, आणि आणायचं म्हणजे हात धरून, हे तिच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. चालल्याने विष अंगात लवकर पसरतं हे मला नुकतंच कळलं होतं आणि घाईत तेच माझ्याकडून राहून गेलं.

"चालवायचं नाही," मी म्हटलं. "एक पाऊलही नाही. खाटेवर निजवून उचलून आणा. पाय हलू द्यायचा नाही. आता परत सांग."

"खाटेवर निजवतो, पाय हलू देत नाही, चार माणसं बोलावतो, शाळेपाशी आणतो. आन् बाबूजीले बोलू देत नाही."

"बोलू दे त्यांना."

"मंग ते आमचं डोकं खातीन, बाई."

मला एवढ्यातही हसू फुटलं आणि मग रडू आलं, तोपर्यंत फोन बंद झाला होता.

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःची गाडी काढली आणि आम्ही निघालो. रस्ताभर डोक्यात एकच चालू होतं: आणखी काय राहिलं? गाडी शाळेपाशी, पेशंट खाटेवर, ड्रायव्हरकडे नंबर. सगळं परत सांगून झालं होतं, तरी जे मला सुचलंच नाही ते कोण परत सांगणार? अर्ध्या वाटेत त्या बाईचा फोन आला. कानाला लावायची हिंमत होईना, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच तो स्पीकरवर घेतला. गाडी शाळेपाशी आली होती, आजोबांना आत घेतलं होतं, ती सोबत बसली होती. ड्रायव्हरने गाडी हलवायच्या आधी तिला विचारलं होतं, दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, बरोबर? तिने मला विचारायला म्हणून फोन केला होता. डॉक्टरीणबाईंनी परस्पर हो सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांना सलाईनमधून लस चालू होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून थोडं रक्त येत होतं. तिथले डॉक्टर म्हणाले की घोणसच असावी, रक्त गोठतंय का ते पुन्हा पुन्हा बघावं लागेल, आणि उद्यापर्यंत खात्रीने काही सांगता येणार नाही. ती बाई दाराशी भिंतीला टेकून बसली होती, चपला कुठेतरी शेतातच राहिल्या होत्या. मला पाहून उठली आणि म्हणाली की खाटेवरून येताना बाबूजी म्हणत होते, मला मढ्यासारखं काहून नेता.

दुसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं. पायाची जखम भरायला पुढे बरेच महिने गेले, आजोबा अजून त्या पायात बूट घालत नाहीत हे तुम्ही पाहिलंच आहे.

त्या मुलाचं नाव मी विचारलं नाही. घरी आल्यावर त्याच नंबरवर फोन करून आभार मानावेत असं मनात आलं, पण तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला तरी ती लाईन मिळणार नाही, म्हणून केला नाही.

तेव्हा मी "बरोबर?" असं विचारून गप्प बसते तेव्हा हसा, पण 'हो' म्हणायच्या आधी माझं वाक्य एकदा मनात चालवून बघा. माझी गाडी तुमच्यापर्यंत खरंच पोचते का, ते बघा. फोनवर ती तेवढी शांतता मला अजून भिववते. तुम्ही उत्तर देईपर्यंत मी नाल्याच्या अलीकडे उभी असते.