आमचा पितळी दिवा आणि सिरीज बोर्ड

साडीला फॉल लावायला बसले की मला माझाच टेबल लॅम्प लागतो. वरच्या ट्यूबच्या उजेडात काळ्या साडीवर काळा दोरा दिसतच नाही, आणि आता डोळ्यांनी तरी किती ओढायचं? लॅम्प पितळी आहे, चांगला जड. पण म्हातारपण त्यालाही आलं होतं. बुडाशी जिथे वायर आत शिरते तिथे तिचं वेष्टण फाटून तांब्याच्या तारा दिसायला लागल्या होत्या. बटण दाबलं तर कधी लागायचा, कधी नाही. आणि बल्ब बदलायला गेलं की बल्बबरोबर होल्डरच गरगर फिरायचा. तरी मी वापरत होते हो. मग एका सकाळी लॅम्प जरा पुढे ओढायला हात लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी ओरडलेच.

आमचे हे बाहेर पेपर वाचत होते. आले, प्लग काढला, चष्मा कपाळावर चढवून वायर बघितली आणि म्हणाले, "आज हा दिवा उघडतो. तू चहा टाक."

एरवी अशा वेळी मला हायसं वाटलं असतं. सातपूरच्या कारखान्यात यांनी सगळी नोकरी वायरमन म्हणून केली. आमच्या घरात बाहेरच्या मिस्त्रीने कधी पाऊल टाकलं नाही. पण वर्षभरात यांचं विसरणं वाढलं होतं. इस्त्री चालू ठेवून फिरायला जायचे. एकदा भाजी आणायला गेले ते घरचा रस्ताच चुकले, ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. पुण्याहून मुलगा फोनवर रोज एकच धोशा लावायचा, "आई, बाबांची हत्यारांची पेटी आधी उचल. कुणाला तरी देऊन टाक. उद्या काही झालं म्हणजे?"

त्याचं खोटं नव्हतं. पण पेटी उचलली की हे दिवसभर करणार काय? शेजारच्या ताई मिक्सर घेऊन येतात, खालचे काका पंखा घेऊन येतात, तेवढ्यापुरता माणूस ताठ बसतो. म्हणून मी दिवाळीनंतर बघू, संक्रांतीनंतर बघू, असं टोलवत होते. त्या दिवशी मनाशी म्हटलं, आज हा दिवा नीट झाला तर पेटी राहील. नाही झाला तर मी स्वतः उचलून देईन.

रविवार कारंजाच्या बाजारात जाऊन सामान आणलं. मी बरोबर गेले, उगाच कोथिंबिरीचं निमित्त करून. दुकानात मात्र हे अगदी पहिल्यासारखे! दुकानदार दोन तारांची वायर देत होता, तर म्हणाले, "अहो, पितळेचा लॅम्प आहे. तीन तारांची द्या. अर्थिंगची हिरवी तार बॉडीला नको का? हिला परत झटका बसला तर जेवायला कोण घालणार मला?" दुकानदार हसला. मीही हसले. परत येताना वाटलं, मुलगा उगाच घाबरवतो.

घरी गॅलरीजवळ सतरंजी घातली. जुनी वायर ओढून काढली, नवी बुडातून आत घातली. करंटची लाल तार नव्या बटणातून होल्डरला, काळी थेट होल्डरला, हिरवी पितळेच्या स्क्रूखाली घट्ट. होल्डर नळीवर आवळून बसवला. मग नवा तीन पिनांचा प्लग. क्रम अगदी बरोबर होता. मी पक्कड, स्क्रू हातात देत होते, लग्न झाल्यापासून देते आहे.

आता यांचा एक नियम. दुरुस्त केलेली वस्तू भिंतीच्या पॉइंटला थेट लावायची नाही. आधी सिरीज बोर्ड. म्हणजे लाकडी फळीवर एक बल्ब, एक बटण आणि एक सॉकेट. भिंतीतला करंट त्या बल्बमधून होऊन मगच वस्तूत जातो. वस्तू ठीक असेल तर लॅम्पचा बल्ब आणि फळीवरचा बल्ब दोन्ही मंद लागतात. आत तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर फळीवरचाच भगभगून पेटतो, फ्यूज वाचतो आणि माणूसही.

लावला. फळीवरचा बल्ब भगभगून पेटला. लॅम्प काळाच.

"बोर्ड बिघडलाय," हे म्हणाले.

"अहो, होल्डरमध्ये बघा ना. ती एक बारीक तार बाहेर आलीय, पलीकडच्या स्क्रूला टेकलीय."

"तू शिकव आता मला!" असं म्हणून त्यांनी सगळंच उघडलं. होल्डर, बटण, नीट बसलेला प्लगसुद्धा. "पहिल्यापासून करतो." मी सतरंजीवर पडलेले स्क्रू गोळा करायला लागले.

परत सगळं जोडलं. ती चुकार तार पिळून आत घेतली. छान आवळलं. आणि लॅम्प हातात घेऊन हे उठले ते सरळ भिंतीच्या पॉइंटकडे.

"अहो, बोर्ड?"

"कुठला बोर्ड?"

थट्टा करत नव्हते हो. सतरंजीवर पडलेल्या त्या फळीकडे त्यांनी असं बघितलं, जसा कुणी शेजारी आपली वस्तू इथे विसरून गेलाय. ती फळी यांनीच केलेली.

मी लॅम्प हातातून काढून घेतला. म्हटलं, "द्या, मी लावते, तुम्ही चहा घ्या." लाकडी स्टुलावर ठेवला, सिरीजला लावला, फळीचं बटण दाबलं. काहीच लागलं नाही. ना हा बल्ब, ना तो. यांनीच मला शिकवलेलं, जी वस्तू लागत नाही तिला हात लावायचा नाही, आधी टेस्टर लावायचा. पितळेला टेस्टर टेकवला आणि त्याच्यातला छोटा दिवा लालसर उजळला.

प्लग काढून उघडून बघितला. मोठी पिन हिरव्या तारेची, हे तर मलाही पाठ आहे. तिथे लाल बसवली होती, आणि लालच्या जागी हिरवी. भिंतीला थेट लावला असता तर दिवा लागलाच नसता, पण सगळं पितळ करंटने भरलं असतं. आणि न लागलेल्या दिव्याचं माणूस आधी काय करतो? हातात उचलून बघतो.

हे चहा पीत होते. "झालं का गं?" म्हणाले.

"होतंय," मी म्हटलं, आणि दोन्ही तारा आपापल्या जागी घातल्या. परत सिरीजला लावला. दोन्ही बल्ब मंद पिवळे लागले. "बघ," हे खूश होऊन म्हणाले, "नव्यासारखा झाला."

मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, तारा कशा उलट्या होत्या तेही. मग म्हणाला, "आता तरी?"

पेटी मी अजून दिलेली नाही. मनाशी ठरवलं होतं, तरी जमलं नाही. एक केलंय. हे पेटी काढून बसले की मी दाराजवळचं मेन स्विच खाली ओढते. फ्रीजची घरघर थांबते. खिडकीच्या उजेडात यांचं काम चालतं. झालेली वस्तू मी हातातून घेते, उघडून बघते, तेव्हाच मेन वर करते, आणि फळीशिवाय काही लावत नाही. किती दिवस असं चालेल, मला ठाऊक नाही. बाहेर गेले तर जीव अर्धा घरात असतो.

परवा खालच्या काकांचा पंखा घेऊन बसले होते. फ्रीज थांबला तशी मान वर करून म्हणाले, "लाईट गेली का गं?"

"हो, गेली."

एवढा मोठा वायरमन. समोरच्या इमारतीत टीव्ही चालू होता, त्याचा आवाज इथपर्यंत येत होता. यांनी मान डोलावली आणि पंख्याचा स्क्रू फिरवायला लागले.